लिंगनिरपेक्ष नोकरीची जाहिरात

नोकरीच्या जाहिरातीचा मजकूर वाचून 'हे काम पुरुषाचे' किंवा 'हे काम बाईचे' असा समज होऊ नये, अशा रीतीने तो मजकूर लिहिणे किंवा जुना मजकूर बदलणे, याला लिंगनिरपेक्ष जाहिरातलेखन म्हणतात. असा बदल करूनही वाक्ये सरळ आणि वाचनीय राहावीत, ही खरी अडचण असते. या नोंदीत मराठी जाहिरातीचा विचार केला आहे.

शब्दांचा परिणाम अर्ज करणाऱ्यावर खरोखर होतो का, हा प्रश्न पूर्वीच तपासला गेला आहे. सँड्रा बेम आणि डॅरिल बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना टेलिफोन कंपनीतील कामांच्या जाहिराती वाचायला दिल्या. तारा जोडण्यासारख्या 'पुरुषी' समजल्या जाणाऱ्या कामांची जाहिरात नेहमीच्या पुरुषवाचक भाषेत होती, तेव्हा सुमारे ५ टक्के मुलींनी त्यात रस दाखवला. तेच काम तटस्थ भाषेत मांडल्यावर हे प्रमाण सुमारे २५ टक्के झाले आणि मुद्दाम स्त्रियांना उद्देशून लिहिल्यावर सुमारे ४५ टक्के. काम तेच होते, फक्त वाक्ये बदलली होती.

लिंग कुठे दडलेले असते

जाहिरात सुधारायला बसलेला माणूस आधी पदाच्या नावाकडे पाहतो. 'ऑफिस बॉय'चा 'मदतनीस' करतो, 'सेल्समन'चा 'विक्री प्रतिनिधी' करतो आणि काम संपले असे समजतो. हे बदल योग्यच आहेत. लिपिक, अधिकारी, प्रतिनिधी, मदतनीस, तज्ज्ञ हे शब्द कोणालाही चालतात. पण मराठीत लिंग नामापेक्षा क्रियापदात आणि विशेषणात जास्त मुरलेले असते. 'मदतनीस प्रामाणिक असावा' या वाक्यात 'मदतनीस' निर्दोष आहे, 'असावा' नाही. सर्वनाम गाळूनही सुटका होत नाही. 'किमान बारावी पास असावा' यात 'तो' कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो.

याचे कारण व्याकरणातल्या प्रयोगात आहे. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्यामागे जाते, म्हणून माणूस कर्ता झाला की त्याचे लिंग क्रियापदाला चिकटते. कर्मणी आणि भावे प्रयोगांत तसे होत नाही. 'उमेदवारांनी अर्ज पाठवावा' यातले 'पाठवावा' अर्जाचे आहे आणि 'उमेदवारांनी वेळेवर यावे' यातले 'यावे' कोणाचेच नाही. 'उमेदवाराला रोज प्रवास करावा लागेल' यात 'करावा' प्रवासामुळे आला आहे. माणसाला 'ने', 'ला', 'कडे' असा प्रत्यय लागला की क्रियापद त्याला सोडून वस्तूचा हात धरते. मराठी जाहिरात तटस्थ करण्याची सगळ्यात मोठी किल्ली हीच आहे. शाळेत कंटाळा आणणारा प्रयोगांचा धडा इथे अचानक कामाला येतो.

दुसरी सोय सामान्यरूपाची. 'निवड झालेला उमेदवार' आणि 'निवड झालेली उमेदवार' हे वेगळे आहेत, पण प्रत्यय लागताच दोन्हींचे 'निवड झालेल्या उमेदवाराला' होते. 'येणारा' आणि 'येणारी' यांचेही 'येणाऱ्या' होते. म्हणजे 'संगणक वापरता येणारा उमेदवार हवा' याऐवजी 'संगणक वापरता येणाऱ्या उमेदवारांना प्राधान्य' असे लिहिले की प्रश्न उरत नाही आणि वाक्यही वाढत नाही.

काळाचाही फरक पडतो. 'करतो' आणि 'करते' यांत लिंग दिसते, 'करेल', 'असेल', 'होईल' यांत दिसत नाही. 'सुपरवायझर हवा' म्हटले की लिंग आले, 'सुपरवायझर पाहिजे' म्हटले की आले नाही.

एक जाहिरात, तीन रूपे

गोदामासाठी लिहिलेला हा मजकूर पाहा. तो नमुन्यासाठी रचला आहे, पण असा मजकूर सर्रास वाचायला मिळतो.

'गोदामासाठी अनुभवी सुपरवायझर हवा आहे. तो किमान बारावी पास झालेला असावा. त्याला संगणकावर नोंदी करता आल्या पाहिजेत. तो दोन्ही पाळ्यांत काम करण्यास तयार असावा व हाताखालच्या मुलांकडून काम करून घेणारा असावा. निवड झालेला उमेदवार १ जूनपासून रुजू होईल. इच्छुक उमेदवार त्याच्या प्रमाणपत्रांसह भेटू शकतो.'

घाईत केलेली दुरुस्ती बहुधा तिरप्या रेघांनी होते: 'तो/ती किमान बारावी पास झालेला/झालेली असावा/असावी.' मराठीत एका वाक्यात तीन-तीन ठिकाणी लिंग दिसत असल्याने तीन-तीन रेघा येतात. असे वाक्य मोठ्याने वाचता येत नाही. शिवाय स्त्री आणि पुरुष या दोन खणांत न बसणारी व्यक्ती त्यातून बाहेरच राहते. 'असावा(वी)' हा कंस तर त्याहून वाईट, कारण त्यात स्त्री नंतर आठवल्यासारखी दिसते.

दुसरी दुरुस्ती सरकारी वळणाची असते: 'किमान बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक. संगणकावर नोंदी करता येणे आवश्यक. दोन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी असणे आवश्यक. हाताखालील कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येणे आवश्यक.' यात लिंग उरले नाही, पण जीवही उरला नाही. 'आवश्यक' एकदा चालते, चौथ्यांदा वाचताना नजर घसरते. आणि प्रत्येक अट सारख्याच वजनाची वाटू लागल्याने कोणती खरोखर मोडता येणार नाही, तेही कळत नाही.

आता तिसरे रूप.

'गोदामात सुपरवायझरची एक जागा भरायची आहे. शिक्षण किमान बारावी आणि अशा कामाचा दोन वर्षांचा अनुभव हवा. संगणकावर नोंदी करता आल्या पाहिजेत. काम दोन पाळ्यांत चालते; महिन्यातले दोन आठवडे दुसरी पाळी करावी लागेल. हाताखाली आठ कामगार असतील, त्यांच्याकडून वेळेत माल चढवून-उतरवून घ्यायचा आहे. निवड झालेल्या उमेदवाराला १ जूनपासून रुजू व्हावे लागेल. इच्छुकांनी प्रमाणपत्रांच्या प्रती घेऊन भेटावे.'

पहिल्या वाक्यात माणसाऐवजी जागा आली, म्हणून 'भरायची' हे जागेचे झाले. दुसऱ्यात शिक्षण आणि अनुभव पुढे आले. तिसऱ्यात फक्त 'त्याला' गाळले. 'आल्या पाहिजेत' हे आधीपासूनच नोंदींचे होते, त्यामुळे बाकी काही करावे लागले नाही. 'तयार असावा' ही मोघम अट जाऊन प्रत्यक्ष पाळी आली, आणि हे केवळ लिंगापुरते नाही: घरची जबाबदारी असलेल्या कोणालाही आपल्याला जमेल का, हे त्यावरून ठरवता येते. 'हाताखालची मुले' हा शब्दप्रयोग बोलण्यात इतका रुळला आहे की त्यातले लिंग दिसतच नाही, तिथे 'कामगार' झाले. शेवटच्या वाक्यात 'इच्छुकांनी' हे अनेकवचन आणि 'भेटावे' हा भावे प्रयोग आहे. अनुभवाची वर्षे, दुसऱ्या पाळीचे आठवडे आणि कामगारांची संख्या यांची भर पडली. मूळ मजकुरातल्या 'अनुभवी'सारख्या विशेषणांची जागा त्यांनी घेतली आहे.

फसण्याच्या जागा

'व्यक्ती' हा शब्द हमखास उपाय म्हणून वापरला जातो. 'अनुभवी व्यक्ती हवी' हे छान आहे, पण 'व्यक्ती' व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. पुढच्या वाक्यात 'तिला' लिहिले तर बाईच हवी असे वाटते, 'त्याला' लिहिले तर व्याकरण मोडते. म्हणून हा शब्द एका वाक्यापुरता वापरून सोडून द्यावा.

'तुम्ही' म्हणून थेट बोलणे हा अनेकांना आवडणारा मार्ग आहे. 'तुम्हाला आकडेमोडीची आवड असेल, तर हे काम तुमच्यासाठी आहे' यात काहीच खटकत नाही. मात्र 'तुम्ही पदवी घेतलेले असाल' म्हणताच लिंग मागच्या दाराने आत येते. वर्तमान आणि भविष्यकाळात 'तुम्ही' सुरक्षित आहे, 'लेला'च्या रूपांबरोबर नाही.

उलट चूकही होते. 'उमेदवाराकडे वाहन चालवण्याची परवानगी असावी' यातले 'असावी' पाहून कोणी ते दुरुस्त करायला धावतो. ते 'परवानगी'मुळे आले आहे, त्याला हात लावायचे कारण नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे: वाक्यात 'उमेदवार'च्या जागी आधी एखाद्या बाईचे नाव घालून वाचावे, मग पुरुषाचे. नावामुळे वाक्यातला दुसरा कोणताही शब्द बदलावा लागला नाही, तर वाक्य तटस्थ आहे.

काही पदनामे भरतीच्या नियमांनी ठरलेली असतात. 'परिचारिका' हे नाव बदलण्याचा अधिकार जाहिरात लिहिणाऱ्याला नसेल, तर शीर्षकात एकदाच 'परिचारिका/परिचारक' लिहून पुढे सगळीकडे 'या पदासाठी' असे म्हणावे. तिरपी रेघ सहन होण्यासारखी जागा माझ्या मते एवढीच. मजकूर सगळा पुरुषी ठेवून शेवटी 'स्त्री-पुरुष दोघेही अर्ज करू शकतात' अशी ओळ जोडणे मात्र लंगडे आहे, कारण वरची सहा वाक्ये त्या ओळीशी भांडत असतात.

व्याकरण जिथे पोहोचत नाही

क्रियापदे निर्दोष झाली तरी विशेषणे उरतात. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल गॉशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, वर्चस्व आणि स्पर्धा सुचवणारे शब्द भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात, कारण तिथे आपण सामावले जाऊ असे त्यांना वाटत नाही. तो अभ्यास इंग्रजी जाहिरातींचा होता, त्यामुळे त्यातल्या शब्दांची यादी मराठीत जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. पण 'धडाडीचे', 'दणकट', 'तडफदार' हे एकीकडे आणि 'मनमिळाऊ', 'सोज्ज्वळ', 'हसतमुख' हे दुसरीकडे कोणाला उद्देशून येतात, हे मराठी वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. 'दणकट' ऐवजी '२५ किलोपर्यंतची खोकी उचलावी लागतील' असे लिहिता येते. 'हसतमुख' ऐवजी 'दिवसभर येणाऱ्या ग्राहकांशी बोलायचे काम आहे' असे लिहिता येते. ज्याला हे शब्दांत मांडता येत नाही, त्याने बहुधा कामाचा नीट विचारच केलेला नसतो.

काही कामांत लिंग ही खरीच अट असते, उदाहरणार्थ स्त्रियांच्या वसतिगृहात रात्री राहून देखरेख करणे. तिथे तटस्थ शब्दांच्या आड अट लपवली, तर अर्ज करून नंतर नाकारल्या जाणाऱ्यांचा वेळ जातो. अशा वेळी अट आणि तिचे कारण एका वाक्यात उघड लिहावे: 'वसतिगृहात मुक्काम करावा लागत असल्याने या पदासाठी महिलांचेच अर्ज विचारात घेतले जातील.'