दारांची मोजणी (हॉटेलमधील अग्निसुरक्षा)

हॉटेलात किंवा लॉजवर उतरल्यावर आपल्या खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात, हे मोजून ठेवण्याची पद्धत. आग लागली की पॅसेजमध्ये धूर कोंडतो आणि दिवे जातात. बाहेरच्या वाटेची पाटी बहुधा दाराच्या वर असते, आणि धूर आधी वरच साठतो, म्हणून ती दिसत नाही. मग वाट हातानेच शोधावी लागते.

खानदेशात अजिंठ्याचे पर्यटक, केळी-कापसाचे व्यापारी आणि लग्नाचे वऱ्हाडी जळगाव, भुसावळ, धुळे येथील लॉजवर उतरतात. ऐन मे महिन्यात रात्रभर एसी चालतात, वायरिंगवर ताण येतो. खोल्या बंद असल्याने बाहेरचा धूर झोपेत उशिरा कळतो.

समजा, जळगावात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. बाहेर पडून उजवीकडे वळले की उजव्या भिंतीला चार दारे आणि पाचवे जिन्याचे. चादरी ठेवायच्या खोलीचे बंद दारही यात धरायचे, कारण अंधारात हाताला तेही दारच लागते. मोजून थांबू नये, जिना एकदा तळापर्यंत उतरून पाहावा. मागच्या जिन्यात गाद्या रचलेल्या असणे किंवा खालच्या दाराला कुलूप असणे, हे नेहमीचे दुखणे आहे. मॅनेजरने कुलूप काढले नाही, तर तिथे राहू नये.

रात्री धुराचा वास आला, तर आधी हाताची मागची बाजू दाराला लावावी. दार तापलेले असेल तर उघडू नये. थंड असेल तर किल्ली खिशात टाकून ते किंचित उघडून पाहावे. जिन्याकडे जाता येईल असे दिसले, तर बाहेर पडून दार मागे ओढून घ्यावे. धूर असेल तर हातापायांवर रांगावे. त्यातल्या त्यात बरी हवा जमिनीपासून एक-दोन फुटांवर असते. उजवा हात भिंतीवरून न काढता दारे मोजत पाचव्याशी थांबावे. लिफ्टकडे वळू नये. ओल्या रुमालाने काजळी थोडी अडते, पण कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. रुमालाच्या भरवशावर दाट धुरात शिरणे घातक आहे.

जिन्यातूनच धूर वर येत असेल तर मागे फिरावे. आता तीच भिंत डाव्या हाताला येते आणि पाचवे दार आपले. किल्ली लागते ती इथे. आत आल्यावर एसी बंद करून दाराखालच्या फटीत ओले टॉवेल दाबून बसवावेत आणि १०१ किंवा ११२ वर लॉजचे नाव, मजला आणि खोली क्रमांक सांगावा. बाहेर धूर नसेल तर खिडकी उघडून चादर हलवावी. काच मात्र फोडू नये, कारण खालून धूर येऊ लागला तर ती पुन्हा बंद करता येत नाही. खिडकीला लोखंडी गज असल्यास शिडी आली तरी गज कापावे लागतात. म्हणून गज नसलेली, रस्त्याकडची खोली आधीच मागून घ्यावी.