बहुघटक परतावा प्रतिमान

शेअरच्या परताव्यातील चढउतार एकट्या बाजाराने न समजावता, एकाहून अधिक समाईक घटकांच्या आधारे समजावणारे सांख्यिकी प्रतिमान. यूजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांचे 1993 सालचे त्रिघटक प्रतिमान सर्वांत परिचित आहे. त्यात बाजारासोबत आकार आणि मूल्य हे दोन घटक येतात. लहान कंपन्यांच्या परताव्यातून मोठ्यांचा परतावा वजा केला की आकारघटक (SMB) मिळतो. बाजारभावाच्या मानाने पुस्तकी मूल्य जास्त असलेल्या कंपन्यांच्या परताव्यातून ते कमी असलेल्यांचा परतावा वजा केला की मूल्यघटक (HML) मिळतो.

```
Rp - Rf = a + b(Rm - Rf) + s*SMB + h*HML + e
```

येथे Rp म्हणजे गुंतवणूकसंचाचा परतावा, Rf जोखीममुक्त व्याजदर आणि Rm बाजाराचा परतावा. b, s आणि h हे संच त्या त्या घटकाबरोबर किती हलतो ते सांगतात, a म्हणजे घटकांनी न समजावलेला सरासरी परतावा आणि e म्हणजे उरलेला यादृच्छिक भाग. यातील s आणि h मोजले जातात ते लघुतम वर्ग पद्धतीच्या रिग्रेशनने, बहुधा 60 महिन्यांच्या आकड्यांवरून. येथे कंपनीचा ताळेबंद पाहिला जात नाही. लहान शेअर वधारले की हा गुंतवणूकसंचही वधारतो का, एवढेच s सांगतो. म्हणून मोठ्या कंपनीचाही s धन निघू शकतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातील एका गुंतवणूकदाराने आपल्याला जवळून ठाऊक असलेल्या धंद्यांतले, म्हणजे ओतकाम आणि साखर यांतले, छोटे शेअर घेतले आहेत. फक्त बाजारघटक धरला तर a दरमहा 0.60 टक्के येतो. वर्षाला सात टक्क्यांहून जास्त, आणि तो सहज निवडीच्या कौशल्याचा वाटतो. तिन्ही घटक धरल्यावर b तेवढाच राहून s = 0.50 आणि h = 0.40 आले. त्या काळात SMB ची मासिक सरासरी 0.40 आणि HML ची 0.45 टक्के असेल, तर 0.20 आणि 0.18 टक्के या घटकांच्या खात्यात जातात. a उरतो 0.22.

पण हा s सुद्धा कमी मोजलेला असण्याची शक्यता आहे. छोट्या शेअरमध्ये कित्येक दिवस सौदाच होत नाही. महिनाअखेरीचा भाव प्रत्यक्षात आधीच्या आठवड्यातला असतो आणि बाजाराची हालचाल त्यात पुढच्या महिन्यात उतरते. यावर डिमसन यांनी 1979 मध्ये सुचवलेला उपाय असा, की मागील महिन्याचे घटकही समीकरणात घालावेत आणि दोन्ही गुणांक मिळवावेत. मागील महिन्याच्या SMB चा गुणांक ठळकपणे धन आला, तर शिळ्या भावांचा संशय खरा मानावा. आपल्या उदाहरणात तो 0.25 आला, तर खरा s 0.75 ठरतो आणि a आणखी 0.10 ने घटून 0.12 वर येतो.

या 0.12 ची प्रमाणित त्रुटी 0.35 असेल, तर तो शून्यापासून वेगळा ओळखता येत नाही. त्रुटी महिन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे ती 0.12 च्या निम्म्यावर, म्हणजे 0.06 वर आणायला सुमारे 34 पट, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांचे आकडे लागतील. s आणि h मात्र पाच वर्षांत बऱ्यापैकी नेमके कळतात, आणि माझ्या मते रिग्रेशनमधून विश्वासाने घ्यावे ते हेच दोन आकडे. तेही संच बदलला की बदलतात, म्हणून 60 महिन्यांची खिडकी दरमहा एकेक महिना पुढे सरकवून ते पुन्हा मोजतात.