प्रसूती रजेतला पगार (भारत)

प्रसूती रजेतला पगार म्हणजे बाळंतपणासाठी नोकरदार बाई सुट्टीवर असताना तिला कायद्याने मिळणारे पैसे. लोक याला मॅटर्निटी लीव्हचा पगार म्हणतात. कायद्याच्या भाषेत हा प्रसूती लाभ आहे, आणि तो नेहमीच्या पगाराएवढाच असेल असं नाही. भारतात 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, आणि दोन मुलं आधीच असतील तर 12 आठवडे. हा सगळा भाग आधी 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला. रजेचे आठवडे तेवढेच राहिले पण पगाराची व्याख्या बदलली, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पैसे कोण देतं

बऱ्याच जणींना वाटतं की हे पैसे सरकार देतं आणि कंपनी फक्त वाटते. तसं नाहीये. तीन वेगवेगळे खिसे आहेत आणि आपण कुठल्या खिशात बसतो ते आधी कळलं पाहिजे, कारण हिशोबाची पद्धतच त्यावर ठरते.

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल आणि कंपनी ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर पैसे ईएसआय महामंडळ थेट बाईच्या बँक खात्यात टाकतं. यासाठी पगारातून 0.75 टक्के कापले जात असतात आणि मालक 3.25 टक्के भरत असतो, म्हणजे हा एक प्रकारचा विमाच आहे. सॅलरी स्लिपवर ईएसआयची कपात दिसत असेल तर रजेत कंपनी पगार देत नाही आणि ते बरोबरच आहे, भांडायचं तर क्लेमसाठी भांडायचं.

पगार त्यावर असेल तर पूर्ण पैसे मालकाच्या खिशातून जातात, सरकार त्यात एक रुपया घालत नाही. 2018 मध्ये काही आठवड्यांचा पगार सरकारने मालकांना परत द्यायचा असा प्रस्ताव पुढे आला होता पण तो तेव्हा प्रस्तावच होता. छोट्या कंपन्या लग्न झालेल्या मुलींना घ्यायला कचरतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं, 26 आठवड्यांचा सगळा बोजा एकाच मालकावर टाकला की तो घेतानाच हात आखडता घेणार.

तिसरा खिसा सरकारी नोकरीचा. तिथे 180 दिवस रजा, पगार सरकारच्या तिजोरीतून, आणि ही रजा अर्जित रजेच्या खात्यातून वजा होत नाही.

हिशोब कसा करतात

मालक देणार असेल तर नियम असा: रजा सुरू व्हायच्या लगेच आधीचे तीन कॅलेंडर महिने घ्यायचे, त्यात ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांचं वेतन घ्यायचं, त्याला कामाच्या दिवसांनी भागायचं आणि जो रोजचा दर येईल त्याला रजेच्या दिवसांनी गुणायचं. अट एकच, डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे निदान 80 दिवस काम झालेलं असावं. वाचायला सोपं वाटतं पण चुका इथेच होतात, आणि त्या जवळजवळ नेहमी बाईच्या विरुद्धच जातात.

समजा एक बाई कारखान्यात रोजंदारीवर आहे, मूळ आणि महागाई भत्ता धरून रोज 900 रुपये. महिन्याचे 26 दिवस भरले तर 23,400 होतात म्हणून ती ईएसआयच्या बाहेर. डिलिव्हरीची तारीख 5 ऑक्टोबर, ती बरोबर 8 आठवडे आधी म्हणजे 10 ऑगस्टला रजेवर जाते. मग महिने आले मे, जून, जुलै. त्यात ती 70 दिवस कामाला आली, मध्ये उलट्या आणि चक्कर यामुळे काही दिवस बिनपगारी घरी होती. मिळालेले पैसे 63,000, भागिले 70, म्हणजे रोज 900. गुणिले 182 दिवस, झाले 1,63,800.

आता चूक कशी होते बघा. अकाउंटवाला 63,000 ला 92 ने भागतो, कारण मे ते जुलै 92 दिवस होतात. दर येतो 685 च्या आसपास आणि एकूण रक्कम 1,24,630. सरळ एकोणचाळीस हजार गेले, आणि कागदावर सगळं तीन महिन्यांची सरासरी म्हणूनच दिसतं. गरोदरपणात बिनपगारी सुट्ट्या पडतातच, आणि कायद्यात भागाकार कामाच्या दिवसांनी ठेवलाय त्यामुळे त्या सुट्ट्यांनी दर खाली येत नाही. म्हणून हिशोबाचा कागद मागायचा आणि कुठल्या आकड्याने भागलंय तेवढं बघायचं. कॅलेंडरचे दिवस असतील तर चूक आहे.

दुसरी चूक रविवारची. मालक म्हणतो, रोजंदारीला रविवारचे पैसे नाहीत मग रजेतल्या रविवारचे का देऊ, आणि 26 आठवडे गुणिले 6 करून 156 दिवसांचे 1,40,400 देतो. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, बी. शहा विरुद्ध लेबर कोर्ट कोइम्बतूर, निकाल 1977 चा. कोर्टाने सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवसांचा आठवडा, रविवार धरून. कारण सुट्टीचा दिवस असला तरी बाळंतिणीला त्या दिवशीही खायला लागतंच, आणि बाहेर दुसरं काम करून ती भर काढू शकत नाही. त्यामुळे 182 च.

पैसे कधी द्यायचे हेही ठरलेलं आहे. डिलिव्हरीआधीच्या काळाचे आगाऊ, गरोदर असल्याचा दाखला दिल्यावर. वरच्या उदाहरणात 56 दिवसांचे 50,400. बाकीच्या 126 दिवसांचे 1,13,400 बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. मालकाकडून तपासण्या आणि औषधोपचाराची फुकट सोय नसेल तर वर 3,500 रुपये मेडिकल बोनस. महिन्याच्या पगारवाल्यांना बहुतेक कंपन्या एकदम न देता दर महिन्याला पगार चालू ठेवतात आणि त्याने कोणाची अडचण होत नाही, पण रोजंदारीवाल्या बाईला "कामावर आल्यावर बघू" असं सांगितलं जातं ते मात्र कायद्यात कुठेच बसत नाही.

आता व्याख्येचं. 1961 च्या कायद्यात वेतनामध्ये घरभाडे भत्ता धरला जायचा. नव्या संहितेत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि काम बंद असलेल्या काळात कामगार टिकवून ठेवायला देतात तो रिटेनिंग भत्ता, घरभाडं आणि प्रवासभत्ता वगैरे बाहेर. फक्त बाहेरच्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या तर वरचा भाग परत वेतनात येतो. म्हणजे ज्यांचा पगार भत्त्यांनी फुगवलेला आहे त्यांना कायद्याची किमान रक्कम हातातल्या पगारापेक्षा बरीच कमी येऊ शकते. कायदा फक्त खालची हद्द ठरवतो, कंपनी पूर्ण पगार देत असेल तर छानच, पण रजेवर जायच्या आधी एचआरकडून ईमेलवर लिहून घ्यावं की कुठल्या आकड्यावर पैसे मिळणार. तोंडी "फुल पे" म्हणणं वेगळं आणि फुल ग्रॉस वेगळं.

ईएसआयमध्ये तीन महिने नसतात. तिथे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिन्यांचे काळ आहेत, आधीच्या दोन काळांत मिळून निदान 70 दिवसांची वर्गणी लागते, आणि रोजची सरासरी लागू असलेल्या काळातल्या वेतनावरून काढतात. जुलै ते डिसेंबरमध्ये रजा सुरू झाली तर आधीचा ऑक्टोबर ते मार्च बघतात.

इन्क्रिमेंटचं काय

वरच्या दोन पद्धतींचा फरक इथे जाणवतो. एप्रिलमध्ये पगारवाढ झाली आणि 10 ऑगस्टला रजा सुरू झाली तर मालकाच्या हिशोबात मे, जून, जुलै तिन्ही महिने नव्या पगाराचे, म्हणजे वाढ पूर्ण धरली गेली. ईएसआयमध्ये मात्र मार्चपर्यंतचंच वेतन बघितलं जातं त्यामुळे तीच एप्रिलची वाढ रजेच्या पैशात अजिबात येत नाही. त्यात कोणी फसवत नाहीये, नियमच तसा आहे. आणि वाढ जुलैमध्ये झाली असेल तर मालकाच्या हिशोबात तीनपैकी एकाच महिन्याला ती लागते.

वाढ रजेच्या मधेच आली तर? कायद्याची रक्कम आधीच्या तीन महिन्यांवर बांधलेली असते म्हणून ती मधे वाढवायची सक्ती नाही, पण कामावर परतल्यावर नवा पगार मिळायलाच हवा. रजेत असताना बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या नुकसानीत बदलता येत नाहीत हे कायद्यात स्पष्ट आहे, त्यामुळे करारात किंवा युनियनच्या सेटलमेंटमध्ये ठरलेली दरवर्षीची वाढ "तू सहा महिने नव्हतीस" म्हणून रोखता येत नाही.

सरकारी नोकरीत हे जास्त नीट लिहिलेलं आहे तरी दरवर्षी गोंधळ होतो. केंद्राच्या नियमात रजा वेतन म्हणजे रजेवर जाण्याच्या लगेच आधीचा पगार. समजा मूळ पगार 35,400, रजा 15 मे ते 10 नोव्हेंबर, इन्क्रिमेंट 1 जुलैला. वाढ 1 जुलैलाच ड्यू होते, प्रसूती रजा वाढीसाठी सेवा म्हणूनच धरली जाते, पण 36,500 प्रत्यक्ष हातात पडतात 11 नोव्हेंबरला हजर झाल्यापासून. मधल्या काळाचे मूळ पगारातले साधारण 4,770 रुपये मिळत नाहीत. पण पुढची वाढ पुढच्या 1 जुलैलाच, 11 नोव्हेंबरला नाही. काही क्लार्क हजर झाल्याची तारीखच नवी इन्क्रिमेंटची तारीख म्हणून सेवापुस्तकात लिहून टाकतात आणि मग दरवर्षी नुकसान होत राहतं, म्हणून परतल्यावर सेवापुस्तकातली नोंद स्वतः डोळ्याने बघावी. आणि रजेला जोडून मेडिकल सर्टिफिकेट नसलेली असाधारण बिनपगारी रजा घेतली तर मात्र तेवढे दिवस वाढीसाठी धरले जात नाहीत. अर्जित रजा शिल्लक असेल तर आधी ती जोडावी.

सगळ्यात अवघड प्रकरण खाजगी कंपनीतल्या अप्रेझलचं आहे, कारण तिथे वाढ रेटिंगवर असते आणि कायद्यात अप्रेझल हा शब्द नाही. निम्मं वर्ष रजेवर असलेल्या बाईला पूर्ण वर्षाचं टार्गेट लावून खालचं रेटिंग देतात, किंवा "वर्षात नऊ महिने काम केलेलेच पात्र" अशी अट टाकतात आणि प्रसूती रजा गैरहजेरी म्हणून मोजतात. अशा वेळी दोन गोष्टी मागता येतात: हजर असलेल्या महिन्यांपुरतंच टार्गेट आणि त्यावरच रेटिंग, आणि पात्रतेसाठी रजेचे दिवस हजेरीत धरणं. व्हेरिएबल पे किंवा इन्सेंटिव्ह प्रत्यक्ष कामाशी बांधलेला असेल तर तो हजर महिन्यांच्या प्रमाणात मिळाला तरी समजू शकतं, पण मूळ पगाराची वाढ प्रमाणात कापली तर ते नुकसान एका वर्षाचं राहत नाही, पुढची प्रत्येक टक्केवारी त्या कमी आकड्यावर लागते, पीएफ आणि ग्रॅच्युइटीसकट. लेखी उत्तर मागूनही कंपनीने दिलं नाही किंवा लाभाचेच पैसे अडवले तर कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते, सोबत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, रजेचा अर्ज आणि कंपनीने दिलेला हिशोब जोडावा.