७५ मायक्रोग्रॅमचा इतिहास

नव्या देशात नवीन डॉक्टरांची पहिली भेट ठरली, तेव्हा थायरॉइडची फाइल उघडली. आठ वर्षांचे एकवीस रिपोर्ट. हा गठ्ठा डॉक्टरांसमोर ठेवला तर त्या सगळ्यात वरचा कागद बघतील, थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएचचा आकडा वाचतील आणि वेळ संपेल. आणि टीएसएचचा आकडा एकटा जवळजवळ काहीच सांगत नाही. तो आला तेव्हा गोळी किती मायक्रोग्रॅमची चालू होती, ती किती आठवड्यांपासून चालू होती आणि पोटात तिच्यासोबत आणखी काय जात होतं, या तीन गोष्टी शेजारी असल्या तरच त्याला अर्थ येतो. म्हणून मी डॉक्टरांना एक पानभर पत्र लिहिलं. त्याचा मराठी मजकूर इथे देते आहे आणि कुठलं वाक्य का लिहिलं तेही सांगते.

पत्राची सुरुवात अशी होती:

«डॉक्टर, नमस्कार. मला हाशिमोटो थायरॉयडायटिस आहे. निदान मार्च २०१७ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी. तेव्हा टीएसएच १४.२, फ्री टी-४ ०.७ (त्या लॅबची मर्यादा ०.८ ते १.८), अँटी-टीपीओ अँटिबॉडी पॉझिटिव्ह, वजन ५६ किलो. थायरॉइडची शस्त्रक्रिया किंवा रेडिओआयोडीन झालेलं नाही. सध्या लेव्होथायरॉक्सिन रोज ७५ मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या तासभर आधी.»

शस्त्रक्रिया झालेली नाही, हे वाक्य मी मुद्दाम घातलं. थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढलेल्या माणसाला सगळं हार्मोन गोळीतूनच मिळवावं लागतं. त्याचा ढोबळ हिशोब दर किलो वजनामागे दिवसाला १.६ मायक्रोग्रॅम असा आहे. माझ्या ५६ किलोंना तो लावला तर साधारण ९० मायक्रोग्रॅम होतात. मला ७५ पुरतात, कारण हाशिमोटोमध्ये स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी पोखरली जात असली तरी माझ्या ग्रंथीचा काही भाग अजून काम करतो आहे. हा भाग पुढे कमी होऊ शकतो आणि मग डोस वाढवावा लागेल. शिवाय थायरॉइडच्या कर्करोगानंतर काही रुग्णांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. माझ्या बाबतीत तसं काही नाही, हेही डॉक्टरांना याच एका वाक्यातून कळतं.

पुढे डोसचा पहिला टप्पा:

«मार्च २०१७ ला ५० मायक्रोग्रॅमने सुरुवात. सहा आठवड्यांनी टीएसएच ६.८, म्हणून ७५. त्यानंतर आठ आठवड्यांनी, जुलै २०१७ मध्ये, २.३. पुढची दोन वर्षं ७५ वर स्थिर.»

यात एक रिपोर्ट मी गाळला आहे. गोळी सुरू केल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी अधीर होऊन तपासणी करून घेतली होती. टीएसएच ९.९ आला आणि औषध लागू पडत नाही असं वाटून मी रात्रभर जागी राहिले. खरं तर त्या आकड्यात चुकीचं काहीच नव्हतं, तो फार लवकर घेतलेला होता इतकंच.

लेव्होथायरॉक्सिन म्हणजे थायरॉइड ग्रंथी जे टी-४ हार्मोन बनवते, तेच प्रयोगशाळेत तयार केलेलं. रक्तातलं टी-४ निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो. त्यामुळे डोस बदलला की रक्तातली पातळी हळूहळू सरकते. पहिल्या आठवड्यात होणाऱ्या बदलाचा अर्धा भाग पार पडतो, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात सुमारे ८८ टक्के. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ती नव्या जागी स्थिरावते. टीएसएच मात्र थायरॉइडचं हार्मोनच नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते, थायरॉइडला ‘आणखी बनव’ असं सांगण्यासाठी. रक्तातलं टी-४ बदलल्यावर पिट्युटरी आपला सूर बदलते, पण तिलाही त्यासाठी वेळ लागतो. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून तपासायचं असतं.

पिट्युटरी फार हळवीही आहे. टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होत नाही, तो शंभर पटींपर्यंत चढू शकतो. त्यामुळे टी-४ लॅबच्या मर्यादेत दिसत असतानाच टीएसएच बाहेर गेलेला सापडतो. याच कारणाने टीएसएच ६.८ वरून २.३ वर आणायला अवघे २५ मायक्रोग्रॅम पुरले. मोठा आकडा बघून डोसही मोठ्या उडीने वाढवायचा नसतो, तो याचमुळे.

गरोदरपणाला मी पत्रात तीन ओळी दिल्या. ऑक्टोबर २०१९, पाचवा आठवडा, टीएसएच ३.९, डोस ७५ वरून १००. चार आठवड्यांनी १.७. जून २०२० मध्ये बाळंतपण, लगेच परत ७५, ऑगस्टमध्ये २.२. गरोदरपणात टी-४ ची गरज पाव ते निम्म्याने वाढते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. त्यामुळे तेव्हा सहा आठवडे थांबत नाहीत, दर चार आठवड्यांनी तपासतात. डॉक्टरांना यातून एवढंच कळायला हवं होतं की ते १०० तात्पुरते होते.

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग याच्या पुढचा. तो मी तीन वेळा लिहिला.

«ऑक्टोबर २०२२ : हिमोग्लोबिन ९.६, लोहाच्या गोळ्या सुरू. त्या मी सकाळी थायरॉइडच्या गोळीसोबतच घेत होते. जानेवारी २०२३ : ७५ वर असताना टीएसएच ९.४, डोस १००. मार्च २०२३ : लोहाचा कोर्स संपला, डोस १०० च. जून २०२३ : टीएसएच ०.०६, फ्री टी-४ २.०, धडधड, झोप उडालेली. डोस परत ७५. ऑगस्ट २०२३ : २.१.»

हे वर्ष मी एखाद्या चलच्चित्रासारखं महिन्यांनी मांडलं, कारण त्यातला एकच रिपोर्ट कुणी उचलला तर तो दिशाभूल करतो. जानेवारीचा वाचणाऱ्याला वाटेल की आजार वाढला, ग्रंथी आणखी खचली. जूनचा वाचणाऱ्याला वाटेल की हिचा थायरॉइड जोरात धावतो आहे. दोन्हींमागे माझी ग्रंथी नव्हतीच. आतड्यात लोह लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतं, दोघांची न विरघळणारी जोडी बनते आणि गोळीचा बराच भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. मी ७५ गिळत होते, अंगी लागत होतं त्याहून कमी. पिट्युटरीने तेवढंच प्रामाणिकपणे कळवलं. तेव्हाच्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही की गोळीसोबत आणखी काय घेता, आणि मलाही ते सांगायचं सुचलं नाही. डोस वाढला. मग मार्चमध्ये लोह थांबलं, वाट मोकळी झाली आणि १०० चा डोस नेहमीसारखा शरीरात उतरू लागला. एप्रिल-मेमध्ये जिना चढताना छातीत धडधडायचं. ते मी आधीच्या अशक्तपणाच्या खाती टाकत राहिले.

इलाज साधा होता: दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर. कॅल्शियमलाही हाच नियम लागू आहे. लोह बंद करायची गरज नव्हती, डोस वाढवायची तर नव्हतीच. वजन तेच, गोळी तीच, एकही नागा नाही आणि तरी टीएसएच चढला, तर ग्रंथीवर ठपका ठेवण्याआधी शोषणाकडे बघायचं असतं. नवं पूरक औषध, आम्लपित्तावरची रोजची गोळी, आतड्याचा आजार, यांतलं काही मधल्या काळात सुरू झालं का? म्हणूनच मी सध्या काय घेते आणि काय घेत नाही, तेही पत्रात लिहिलं. ‘बायोटिन घेत नाही’ हे शब्द त्यातलेच. केसांसाठीच्या गोळ्यांत ते भरपूर असतं. शरीरातलं हार्मोन ते बदलत नाही, पण काही लॅबच्या चाचणीत ढवळाढवळ करून टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त दाखवू शकतं.

उरलेला भाग देश बदलल्यामुळे आला. टीएसएचची एकके दोन तऱ्हांनी लिहितात, मिलीयुनिट प्रति लिटर आणि मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर, पण आकडा तोच राहतो. फ्री टी-४ चं तसं नाही. माझे जुने रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत आणि इथली लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये देते. पहिल्याला १२.८७ ने गुणलं की दुसरा मिळतो. माझा शेवटचा १.२ म्हणजे इथल्या भाषेत १५.४. हे शेजारी लिहिलं नसतं तर नव्या रिपोर्टवरचा १५ बघून मीच घाबरले असते. गोळीची ताकदही कुठे मायक्रोग्रॅममध्ये, तर कुठे मिलिग्रॅममध्ये छापतात. ७५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०७५ मिलिग्रॅम. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो. म्हणून मी दोन्ही लिहिले आणि कंसात अक्षरांत ‘पंचाहत्तर मायक्रोग्रॅम’ असंही. गोळीचा रंग लिहिला नाही, कारण तो कंपनीगणिक बदलतो. तारखांमध्ये महिन्याचं नाव लिहिलं, कारण ३/६ म्हणजे कुठे तीन जून असतो, तर कुठे सहा मार्च.

पत्राचा शेवट विनंतीने केला:

«माझ्याजवळ जुन्या कंपनीच्या ४० गोळ्या शिल्लक आहेत. शेवटची तपासणी फेब्रुवारी २०२५, टीएसएच २.४, डोस ७५. इथली गोळी सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच तपासावा अशी विनंती. त्याआधी डोस बदलू नये असं मला वाटतं, पण निर्णय आपला.»

कंपनी बदलली की गोळीतलं औषध तेच राहतं, पण सोबतचे घटक आणि शोषण यांत थोडाफार फरक पडू शकतो. ज्या औषधात १२-१३ मायक्रोग्रॅमचा फरकही टीएसएचमध्ये दिसतो, त्याच्या बाबतीत एक तपासणी करून घेणं योग्य.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. २०२२-२३ च्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, «आता लोह चालू आहे का?» मी नाही म्हणाले. इथे ७५ ची एकच गोळी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी ५० आणि २५ अशा दोन लिहून दिल्या. सहा आठवड्यांनी टीएसएच ३.१ आला. मी विचारलं, वाढला ना? त्या म्हणाल्या, गोळी न बदलताही एकाच माणसात एवढा फरक दिसतो आणि आकडा मर्यादेत आहे, त्यामुळे डोस तोच ठेवू आणि सहा महिन्यांनी बघू. घरी येऊन मी पत्राच्या खाली नवी ओळ लिहिली: महिना, ५० अधिक २५, नवी कंपनी, सहावा आठवडा, ३.१, सोबत दुसरं औषध नाही.