40 शेळ्या गेल्या, 43 आल्या कशा?

सकाळी चरायला 40 शेळ्या बाहेर पडल्या आणि संध्याकाळी कॅमेऱ्याने आत येताना 43 मोजल्या, तर जादा 3 बहुधा दोनदा मोजलेल्याच असतात. कॅमेऱ्याच्या व्हिडिओवरून मोजणारा प्रोग्राम शेळीला चेहऱ्याने ओळखत नाही. दिसलेल्या प्रत्येक शेळीभोवती तो चौकट आखतो, तिला क्रमांक देतो आणि पुढच्या फ्रेममध्ये त्या चौकटीवर सर्वांत जास्त पडणाऱ्या चौकटीला तोच क्रमांक लावतो. चूक इथेच होते.

हिशोब करून पाहू. क्रमांक 7 ची शेळी 70 सेंटीमीटर लांब आहे, गोठ्याकडे सेकंदाला 3 मीटरने पळते आहे आणि तिच्या मागे 20 सेंटीमीटर सोडून तेवढीच दुसरी येते आहे. कॅमेरा सेकंदाला 5 फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेममध्ये शेळी 60 सेंटीमीटर सरकते. तिच्या जुन्या चौकटीवर तिचा स्वतःचा भाग 10 सेंटीमीटरच उरतो, मागचीचा मात्र 40 येतो. क्रमांक 7 मागचीला जातो आणि पुढची नवा क्रमांक घेऊन आत दिसते. 15 फ्रेम घेतल्या तर सरक 20 सेंटीमीटर. स्वतःचा भाग 50, मागचीचा शून्य. म्हणून साठवण वाचवण्यासाठी फ्रेम कमी करणे इथे महागात पडते.

एवढ्यानेही फाटकातच घुटमळणारी, मान मागे वळवणाऱ्या शेळीचा प्रश्न सुटत नाही. मोजण्यासाठी चित्रात फाटकावर एकच रेषा आखली असेल तर शेळी त्या रेषेवर मागेपुढे झाली की आकडा वाढत जातो. त्यासाठी फाटकाबाहेर एक आणि आत एक, अशा मीटरभर अंतरावर दोन रेषा घ्याव्यात आणि चौकटीच्या मध्याचा ठिपका पाहावा. डोके सतत हलते, पाठ कमी हलते. एकाच क्रमांकाने आधी बाहेरची, मग आतली रेषा ओलांडली तरच अधिक 1. उलट गेली तर उणे 1. दोन रेषांच्या मधे क्रमांक तुटला तर ती मोजू नये. तेवढा तुकडा वेगळा काढून माणसाने पाहावा.

कॅमेरा बाजूला लावला तर आईआड करडू लपते. तो फाटकावर तीनेक मीटर उंचीवर, सरळ खाली पाहणारा हवा. आपल्याकडच्या उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याभोर. मावळतीला त्यांच्या लांब सावल्याही शेळ्या म्हणून मोजल्या जातात, आणि काळ्या मातीवर दोन शेळ्या मिळून एक दिसते. फाटकात फिकट मुरूम पसरला की दोन्ही चुका कमी होतात. वाट दीड-दोन फुटांची केली तर मोठ्या शेळ्या एकामागे एक येतात. करडे तरीही जोडीने घुसतात, त्यांच्यासाठी डोळ्यांनीच पाहावे लागते.

तपासताना नुसती बेरीज जुळवू नये. 2 सुटल्या आणि 2 दोनदा मोजल्या तरी 40 च येतात. व्हिडिओ हळू चालवून सुटलेल्या आणि दुबार मोजलेल्या वेगवेगळ्या लिहाव्यात. दुबार जास्त असतील तर तुटलेले क्रमांक शोधावेत, सुटलेल्या जास्त असतील तर एकमेकींना चिकटलेल्या चौकटी.