इतिवृत्ताची लांबी व चर्चेची नोंद

सभेचे इतिवृत्त म्हणजे सभेत काय ठरले याची नोंद. कोण काय बोलले याची नव्हे. विधिमंडळात शब्दन् शब्द टिपला जातो, कारण तिथे भाषण हाच कामकाजाचा भाग असतो. गृहनिर्माण संस्था, विश्वस्त मंडळ किंवा कंपनी यांना तसे करण्याची गरज नसते. कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 118 नुसार इतिवृत्तात कामकाजाचा ‘योग्य व अचूक सारांश’ असला पाहिजे. बदनामीकारक, गैरलागू किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे.

मात्र सारांश किती आटवायचा, हा खरा वादाचा भाग. समजा, एका गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत गच्चीच्या गळतीवर तासभर खडाजंगी झाली. ‘चर्चा होऊन ठराव मंजूर’ एवढेच सचिवांनी लिहिले, तर पुढे एखादा सभासद वर्गणी नाकारतो किंवा लेखापरीक्षक सर्वांत कमी दर का डावलला असे विचारतो, तेव्हा दाखवायला काहीच नसते. उलट अमुक सभासद तावातावाने काय म्हणाले आणि खजिनदारांनी काय सुनावले, हे लिहिले तर चार पाने भरतात, ठराव त्यात हरवतो आणि पुढची सभा ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ यातच जाते.

पुरेशी नोंद साधारण अशी असते: ‘तीन दरपत्रके सभेपुढे ठेवली: 7.10, 8.40 व 9.20 लाख रुपये. सर्वांत कमी दराच्या कामाला 3 वर्षांची हमी, तर 8.40 लाखांच्या कामाला 10 वर्षांची. म्हणून दुसरे दरपत्रक स्वीकारावे, असे ठरले. खर्च फक्त वरच्या मजल्यावर टाकावा, ही सूचना मतास टाकली असता फेटाळली गेली. ठरावाच्या बाजूने 31, विरोधात 6, तटस्थ 2.’ पुढे सूचक आणि अनुमोदक यांची नावे. पाच-सहा ओळींत निर्णय, त्याचे कारण आणि नाकारलेला पर्याय आला. कारण लिहायचे ते प्रामुख्याने पैसा, कमी दर डावलणे, कुणाचा हक्क किंवा हितसंबंध गुंतला असेल तेव्हा. चहापानाच्या खर्चाला एक ओळ पुरते.

विरोधाच्या बाबतीत मात्र काटकसर नको. कंपनीच्या संचालक मंडळाच्या सभेत प्रत्येक ठरावाला असहमत असलेल्या संचालकांची नावे नोंदवणे कायद्यानेच आवश्यक आहे. गृहनिर्माण संस्थेच्या समितीतही सदस्यांवर निर्णयाची सामूहिक जबाबदारी येऊ शकते. म्हणून ‘माझा विरोध नोंदवा’ असे कुणी म्हटले, तर नाव आणि एका वाक्यात कारण लिहावे. भाषण लिहायची गरज नाही.

सचिवांनी घाईत टिपलेला कागद इतिवृत्त कायम होईपर्यंत जपून ठेवावा. मसुद्यावर हरकत आली की तोच कामी येतो. पुढील सभेत दुरुस्ती सुचवता येते ती नोंदीतील चुकीची. झालेला निर्णय नको असेल, तर तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्याने घ्यावा लागतो.