‘आयर्विनला किती?’ आणि मोबाईलची घंटा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, “आयर्विनला किती?” उत्तर फूट-इंचांत येतं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही कृष्णेची इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण ४० हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोडच्या सखल भागात त्याच्या आधीच पाणी दारात येतं. विश्रामबागेत राहणाऱ्याला तोच आकडा नुसती बातमी असते.

ही पातळी दाखवणारं एक साधं वेबपेज मी बनवलं आणि पाणी वाढलं की मोबाईलवर नोटिफिकेशन जाईल अशी सोय केली. पेज उघडताक्षणी ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ ही ब्राउझरची चौकट समोर यायची. दोन दिवसांनी ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, “अरे, तुझं ते मला काहीच कळवत नाही बघ.” त्यांचा मोबाईल हातात घेतला, तर परवानगी बंद. “काहीतरी विचारत होतं. मला पाणी बघायचं होतं, मी नको म्हणून टाकलं,” त्या म्हणाल्या. काकूंचं घर कर्नाळ रोडला. ज्यांच्यासाठी ही सोय होती, नेमक्या त्याच सुटल्या.

हे का होतं, ते नीट बघू. ब्राउझरच्या लेखी `Notification.permission` ला तीनच किमती असतात: `default` म्हणजे अजून ठरलेलं नाही, `granted` म्हणजे होकार, `denied` म्हणजे नकार. एकदा `denied` झालं की पेज पुन्हा विचारूच शकत नाही. त्या माणसाला स्वतः ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते उघडावं लागतं, आणि पुराच्या गडबडीत तिथवर कोण जाणार? आयफोनच्या अॅपलाही विचारायची संधी एकदाच मिळते. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) अॅपला दोनदा नकार मिळाला की चौकट पुन्हा येत नाही. एवढी कडक शिस्त आली ती ऊठसूट विचारणाऱ्यांमुळेच. म्हणून परवानगीची चौकट हे आपल्या हातातलं एकुलतं एक तिकीट आहे असं समजून ती दाखवावी.

मग मी क्रम उलटा केला. पेज उघडलं की आधी पाण्याचा आकडा, मोठ्या अक्षरात. त्याखाली एक प्रश्न: “किती फुटांना तुमच्या घराजवळ पाणी येतं?” माणूस ३५ निवडतो. मग बटण दिसतं, “पाणी ३५ फुटांवर गेलं की मला कळवा.” ते बटण दाबल्यावरच ब्राउझरची चौकट येते.

```js
kalvaButton.addEventListener('click', async () => {
  const p = await Notification.requestPermission();
  if (p === 'granted') subscribe(35);
});
```

आता चौकट येते तेव्हा ती कशासाठी आहे हे समोरच्याला माहीत असतं, कारण कळवायला त्यानंच सांगितलेलं असतं. आपलं बटण कुणी दाबलं नाही, तर काहीच बिघडत नाही. परवानगी `default` वरच राहते आणि पुढच्या वेळी बटण तिथंच असतं. फायरफॉक्स आणि सफारी तर असं बटण दाबल्याशिवाय चौकट दाखवतच नाहीत. आयफोनवर आणखी एक पायरी आहे: पेज आधी होम स्क्रीनवर घ्यावं लागतं, तरच वेबपेजची नोटिफिकेशनं येतात, आणि तीही iOS १६.४ पासून पुढे. म्हणून आयफोनवाल्यांना बटणाच्या आधी ही पायरी चित्रासह दाखवावी.

परवानगी मिळाली तरी ती टिकवायची असते. नदीची पातळी सरळ रेषेत चढत नाही, ती हेलकावे खाते. समजा ओळीनं नोंदी अशा आल्या: ३४ फूट ११ इंच, ३५ फूट १ इंच, ३४ फूट १० इंच, ३५ फूट, ३४ फूट ११ इंच, ३५ फूट २ इंच. रेषा वर-खाली ओलांडली की कळवायचं, एवढाच नियम ठेवला तर पाच वेळा घंटा वाजते. रात्री तीन वाजता तिसऱ्यांदा जाग आलेला माणूस सगळंच बंद करून टाकतो, आणि त्याचं बरोबरच आहे. यावर उपाय म्हणजे चढायची आणि उतरायची रेषा वेगळी ठेवायची. ३५ फुटांना “चढलं” म्हणून कळवायचं, आणि पाणी ३४ फूट ६ इंचांवर येईपर्यंत त्याच रेषेबद्दल गप्प बसायचं. वरच्या सहा नोंदींत मग घंटा एकदाच वाजते. फ्रिजचा थर्मोस्टॅटही असाच चालतो, म्हणून त्याची मोटर क्षणाक्षणाला चालू-बंद होत नाही.

दुसरा घोळ शिळ्या संदेशाचा. नोटिफिकेशन आपल्या सर्व्हरवरून थेट मोबाईलवर जात नाही. ते आधी ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या पुश सेवेकडे जातं, आणि मोबाईल बंद असेल तर तिथं थांबून राहतं. किती वेळ थांबायचं, ते `TTL` सांगतो, सेकंदांत. वेबसाठीच्या एका प्रचलित लायब्ररीत आपण काही लिहिलं नाही तर ही मुदत चार आठवडे धरली जाते. वीज गेली, मोबाईल तीन दिवस बंद राहिला, आणि चालू केल्यावर “पाणी ३५ फुटांवर” असं आलं, तर माणूस घाबरून सामान बांधायला लागेल. तोवर पाणी उतरलेलंही असेल. मी हे ठेवलंय:

```
TTL: 43200
Urgency: high
Topic: irwin
```

म्हणजे मुदत बारा तासांची. `Topic` एकच असल्यामुळे सेवेकडे थांबलेला जुना संदेश नव्यानं बदलला जातो, दोन्ही साठत नाहीत. `Urgency: high` मुळे, झोपलेल्या मोबाईललाही तो लवकर पोचण्याची शक्यता वाढते. त्यातही संदेश पोचल्यावर पेजचा सर्व्हिस वर्कर, म्हणजे पेज बंद असतानाही ब्राउझर चालवतो तो छोटा प्रोग्रॅम, आधी ताजी पातळी मागवतो आणि मगच नोटिफिकेशन दाखवतो. नेट नसेल, तर पाठवलेला आकडा त्याच्या वेळेसकट दाखवतो: “रात्री ११ ची नोंद, ३५ फूट १ इंच.” वेळ नसलेला आकडा पुरात दिशाभूल करतो.

काही फोनांतलं बॅटरी वाचवणारं सेटिंग ब्राउझरलाच झोपवतं, मग `Urgency` असूनही संदेश अडकतो. म्हणून पेजवर ठळक लिहिलंय की घर सोडायचं की नाही हे प्रशासनाच्या सूचनेवरच ठरवा.

लोक वैतागलेत का, हेही मोजता येतं. कुणी परवानगी काढून घेतली की त्याला संदेश पाठवताना पुश सेवा `410` हे उत्तर देते. कोणत्या संदेशानंतर हे उत्तर जास्त यायला लागलं, ते पाहायचं. कुणाकुणाच्या आग्रहावरून एकदा “आज कोयनेच्या पाणलोटात जोरदार पाऊस” असा संदेश सगळ्यांना पाठवला होता. त्यानंतरच्या फेरीत `410` ठळकपणे वाढले. पातळी ओलांडल्याच्या संदेशानंतर तसं कधी झालं नव्हतं. लोकांनी परवानगी पातळीसाठी दिली होती, पावसाच्या बातमीसाठी नाही. वेबवर परवानगी एकच असते, त्यामुळे नको असलेल्या एका संदेशापायी हवा असलेलाही बंद होतो. अँड्रॉइडच्या अॅपमध्ये ८ व्या आवृत्तीपासून (२०१७) संदेशांचे वेगवेगळे चॅनेल करता येतात. तिथं माणूस पाऊस बंद ठेवून पातळी चालू ठेवू शकतो. पेजवरून मी पावसाचे संदेश काढून टाकले.

काकूंच्या मोबाईलमधली परवानगी मी सेटिंगमध्ये जाऊन उघडून दिली आणि ३५ फूट लावून दिले. जाता जाता त्या म्हणाल्या, “चढल्यावर कळवतोस ते ठीक रे. पण उतरल्यावर कोण सांगणार? आम्ही मिरजेला बहिणीकडं बसलेले असतो, रोज एकेकाला फोन करत.” खालची सहा इंचांची रेषा मी फक्त गप्प बसण्यासाठी आखली होती. आता तिच्यावरही एक संदेश जातो: “पाणी ३४ फूट ६ इंचांच्या खाली आलं, उतरतंय.”